भिंतीवरचे साप आणि अर्ध्या तासात विझणारे तारे

*ताई, आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, धाकटी दीड वर्षाची. दिवाळीसाठी यंदा त्याची खोली सजवली. गुलाबाईच्या मखरासाठी केलेल्या कागदी साखळ्या घरात होत्याच, त्या चारी कोपऱ्यांतून पंख्याच्या दांड्यापर्यंत नेऊन बांधल्या. छताला रात्री चमकणारे तारे चिकटवले, खिडकीला निळी माळ सोडली. पहिल्या दिवशी पोरगा आनंदाने नाचला. पण तारे अर्ध्या तासात विझतात. म्हणून निळा झिरोचा बल्ब लावून ठेवला, तर तारे दिसतच नाहीत, आणि रात्री दोनला उठून ‘भिंतीवर साप हलतात’ म्हणून तो रडतो. सासूबाई म्हणतात, ‘ते रेडियम काढी टाक.’ सगळंच काढून टाकू का?*

*— एक आई, अमळनेर*

नाही, सगळं काढू नका. आधी साप घालवू, कारण मूल रडतंय ते त्यांच्यामुळे. ताऱ्यांचं मग बघू.

तुमच्या मुलाला खरंच काहीतरी दिसतंय, तो खोटं बोलत नाही आणि त्याला भलतेसलते भासही होत नाहीत. आज रात्री तो झोपल्यावर त्याच्याच उशीवर डोकं ठेवून पाच मिनिटं पडून राहा. झिरोचा बल्ब चालू, पंखा चालू. समोरच्या भिंतीवर कड्याकड्यांची लांब सावली सरपटताना दिसेल. मग पंखा बंद करा. साप जागच्या जागी थांबतील.

हे कसं होतं ते समजलं की उपाय आपोआप सुचतो. आपल्याकडे झिरोचा बल्ब बहुतेक घरांत दाराजवळच्या बोर्डावर, साधारण डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर असतो. तुमची एक साखळी त्याच कोपऱ्यातून निघून पंख्याकडे गेलेली असणार. समजा, ती बल्बपासून एक फुटावरून जाते आणि समोरची भिंत बल्बपासून दहा फुटांवर आहे. मग भिंतीवरची सावली खऱ्या कडीच्या दहापट होते. सहा सेंटिमीटरची कडी दोन फुटांची दिसते. साखळी वाऱ्याने जेवढी हलते, त्याच्या दहापट सावली हलते. बोटभर झुललेली साखळी भिंतीवर हातभर सरपटते. मोठ्या माणसाच्यासुद्धा छातीत धस्स होईल असं ते दृश्य असतं, आणि हा तर झोपेतून अर्धवट जागा झालेला सहा वर्षांचा मुलगा.

म्हणून साखळ्या पंख्याच्या दांड्यावरून आधी सोडवा. तशाही त्या तिथे नकोतच. दिवाळीत आपल्याकडे रात्री हवा निवते, पण दुपारी पंखा जोरात लावावाच लागतो, आणि सैल झालेली एक कडी पात्यात अडकली की अख्खी साखळी ओढली जाते. त्याच साखळ्या भिंतीला लागून, छताच्या खाली वीतभर अंतरावर, आडव्या लावा. दोन खिळ्यांमध्ये हलकासा झोळ राहू द्या, पण कागद भिंतीला टेकलेला हवा. वस्तू भिंतीला टेकलेली असली की तिची सावली तिच्याएवढीच पडते आणि तिच्या मागेच लपते. पंख्याचा वाराही तिथे कमी पोचतो. पलंगाच्या डोक्याशी मात्र साखळी नको. तिथे ती धाकटीच्या हाताला लागेल आणि कागद थेट तोंडात जाईल.

गुलाबाईच्या साखळ्या कोजागिरीपर्यंत मखराला होत्या, म्हणजे त्यांच्यावर धूळ बसलेली असणार. त्या कोरड्या मऊ कापडाने झटका. नवीन करायच्या झाल्या तर ए-फोर आकाराच्या रंगीत कागदाच्या रुंदीकडून अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. एका कागदात अकरा पट्ट्या निघतात. दहा फुटांच्या भिंतीला झोळासकट साठेक कड्या लागतात, म्हणजे सहा कागद पुरतात. चिकटवायला मैद्याची खळ करणार असाल तर बाहेरच्या खोलीपुरती करा. झोपायच्या खोलीत खळीच्या वासाने रात्री झुरळं येतात. साधा पांढरा डिंक वापरा. स्टेपलरच्या पिना तर अजिबात नकोत, त्या सुटून अंथरुणात पडतात. चमकीचा कागदही या खोलीत नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तो वाऱ्याने रात्रभर चुरचुर वाजतो, आणि त्याच्यावर पडलेला प्रकाश छतावर उड्या मारतो.

आता बल्ब. आपल्याकडे झोपायच्या खोलीत निळा किंवा हिरवा झिरो लावायची जुनी सवय आहे, कारण तो डोळ्यांना थंड वाटतो. झोपेच्या दृष्टीने मात्र तो रंग उलटा पडतो. आपल्या डोळ्यांत बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. आता दिवस आहे की रात्र, एवढंच त्या मेंदूला कळवतात, आणि निळ्या प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. प्रकाश निळा असला तर मेंदू मेलॅटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक रोखून धरतो. पिवळट, नारिंगी किंवा लाल प्रकाशाचा हा परिणाम त्याहून खूपच कमी असतो. तेव्हा निळा झिरो काढून अर्ध्या वॉटचा पिवळा किंवा नारिंगी एलईडी झिरो लावा. लाल चालतो, पण काही मुलांना लाल प्रकाशाची भीती वाटते, म्हणून आधी त्याला दाखवून विचारा.

आणि त्याची जागा बदला. वरच्या बोर्डावरून तो खाली, जमिनीजवळच्या सॉकेटमध्ये आणा, कपाटाच्या किंवा टेबलाच्या आडोशाला, म्हणजे उशीवरून बल्ब दिसणार नाही, फक्त त्याचा उजेड फरशीवर पसरलेला दिसेल. धाकटी रांगत-चालत तिथे पोचणार असेल तर सॉकेटसमोर काहीतरी जड वस्तू ठेवा. खाली सॉकेटच नसेल तर बल्ब खोलीबाहेर लावून दार चार बोटं उघडं ठेवा. उजेड किती असावा याचं माप सोपं आहे. उशीवर पडून दार कुठे आहे ते कळलं पाहिजे, पण वर्तमानपत्राचा मथळा वाचता येता कामा नये. मथळा वाचता आला तर उजेड जास्त आहे. तो कमी करायला बल्बला कागद गुंडाळू नका. जुना काचेचा झिरो नावालाच झिरो होता, वीज तो बारा-पंधरा वॉट खायचा आणि चांगला तापायचा, त्याला लावलेला कागद करपलेला मी पाहिला आहे. एलईडी कमी तापतो, तरी कागद त्यापासून लांबच बरा. दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं तरी उजेड निम्म्याने उतरतो.

आता तारे. सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांच्या पिढीने रेडियमबद्दल जे ऐकलं ते खरं होतं. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायच्या रंगात खरोखर रेडियम असायचं. १९२०च्या दशकात अमेरिकेत तो रंग भरणाऱ्या कामगार मुली त्याने आजारी पडल्या, काहींचा जीव गेला. ते रेडियम उजेड न दाखवताही रात्रंदिवस चमकायचं. तुमच्या ताऱ्यांत ते नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे: तुमचे तारे अर्ध्या तासात विझतात. रेडियमचा रंग असा रोज रात्री विझत नसतो. आपल्याकडे चमकणाऱ्या कोणत्याही चिकटपट्टीला ‘रेडियम’ म्हणायची पद्धत पडली, त्यातून हा गोंधळ झाला आहे. एक रात्र तारे कपाटात बंद करून ठेवा आणि दुसऱ्या रात्री उजेड न दाखवता सासूबाईंसमोर अंधारात कपाट उघडा. काहीच चमकणार नाही. त्यांनी स्वतः पाहिलं की पुढे बोलणं सोपं जाईल.

या नावापायी मी स्वतः फसले आहे. मुलीच्या खोलीसाठी मी एका दुकानात ‘रेडियमचे तारे द्या’ म्हणाले. त्याने गाड्यांच्या नंबरप्लेटला लावतात त्या कागदाचे तारे कापून दिले. तो कागद समोरून आलेला उजेड परत फेकतो, स्वतः चमकत नाही. रात्री दिवा मालवला आणि छतावर काहीच दिसलं नाही. मुलीचा चेहरा उतरला होता तो अजून आठवतो. तेव्हापासून मी दुकानातच तपासते: मोबाइलची बॅटरी ताऱ्यावर अर्धा मिनिट धरायची, मग ओंजळ करून त्यात डोकावायचं. हिरवट चमक दिसली तरच तारा घ्यायचा.

चमकणाऱ्या ताऱ्यांतही दोन जाती असतात. जुन्या स्वस्त प्रकारात झिंक सल्फाइड असतं. ते सुरुवातीला छान चमकतं आणि अर्ध्या-पाऊण तासात दिसेनासं होतं. दुसऱ्या प्रकारात स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं. हा प्रकार १९९०च्या दशकात जपानमधून बाजारात आला, आणि तो मंद होत होत काही तास टिकतो. पाकिटावर नाव असेलच असं नाही, म्हणून घरी पारख करा. एका ताऱ्यावर मोबाइलची बॅटरी मिनिटभर धरा, तो डब्यात बंद करा, आणि तासाभराने अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं बसून मगच डबा उघडा. तो दिसला तर तारे चांगले आहेत आणि दोष भरण्यात आहे. नाही दिसला तर तारेच बदलावे लागतील.

भरण्यातला दोष मला तुमच्या खोलीत नक्कीच दिसतो. तारा प्रकाश साठवतो आणि अंधारात हळूहळू परत देतो. पण तो साठवतो मुख्यतः निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात निळा भरपूर असतो, म्हणून तिच्याखाली तारा चांगला भरतो. पिवळ्या दिव्याखाली तो अर्धपोटी राहतो. शिवाय हल्लीच्या एलईडी पट्टीचा उजेड बहुतेक समोर आणि खाली पडतो. जुनी काचेची ट्यूब सगळीकडे उजेड टाकायची, तिच्यामुळे छतसुद्धा उजळायचं. तुमचे तारे छताला आहेत, म्हणजे उजेड सगळ्यात कमी पोचतो तिथेच ते बसलेले आहेत.

यावर मला एकच युक्ती खरी उपयोगी वाटते. तारे छताला लावूच नका. गडद निळी किंवा काळी मोठी कार्डशीट घ्या, तारे तिच्यावर चिकटवा आणि ती पलंगासमोरच्या भिंतीला, ट्यूबच्या समोर येईल अशी, दोन खिळ्यांवर टांगा. डिस्टेंपरच्या भुसभुशीत भिंतीवरून तारे निघून अंथरुणात पडतात आणि धाकटी ते तोंडात घालू शकते, ती भीतीही त्यामुळे मिटते. शिवाय शीट काढून ट्यूबच्या अगदी जवळ धरता येते. फुटभर अंतरावर पाच मिनिटांत तारे जेवढे भरतात, तेवढे छतावर अर्ध्या तासातही भरत नाहीत.

तारे कसेही विखरून लावू नका, मुलाला बरोबर घेऊन खरे तारे लावा. आश्विन-कार्तिकात संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा छोटा घोस वर येतो, कार्तिक महिन्याचं नावच त्यांच्यावरून पडलं आहे. रात्र चढली की त्यांच्या मागून मृग नक्षत्र उगवतं, मधले तीन तारे एका रेषेत असलेलं. गच्चीवर नेऊन त्याला ते दाखवा आणि तेच शीटवर लावायला सांगा. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, त्यामुळे फटाक्यांचा धूर नसला तर आकाश छान दिसतं.

आता खरी अडचण उरते. ताऱ्यांना जो पांढरा-निळा उजेड हवा, तोच मुलाच्या झोपेला नको. २०१८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं. त्यांचं मेलॅटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी खाली गेलं, आणि उजेड काढल्यावर पन्नास मिनिटांनीही पूर्वपदावर आलं नव्हतं. तो उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा बराच प्रखर होता. तरी लहान मुलांचे डोळे उजेडाला किती हळवे असतात ते यावरून कळतं. म्हणून तारे भरताना मूल त्या खोलीत नसावं. सगळा क्रमच उलटा करायचा.

नऊला झोपवायचं असेल तर तुमच्या घरी तो असा बसेल. साडेआठला जेवण आटोपून तो दात घासायला जाईल. तेव्हा त्याच्या खोलीतली ट्यूब लावा आणि दार लोटून घ्या. गोष्ट त्याच्या पलंगावर नको, सासूबाईंजवळ बाहेरच्या खोलीत होऊ द्या, पिवळ्या दिव्याखाली, टीव्ही बंद ठेवून. इकडे वीस मिनिटांत तारे पोटभर भरतील. त्यापेक्षा जास्त वेळ ट्यूब ठेवून काही मिळत नाही, तारा एका मर्यादेपलीकडे साठवतच नाही. नऊला पाच कमी असताना तुम्ही एकट्या आत जा, ट्यूब बंद करा, आणि मग त्याला अंधारातच आत आणा. पिवळ्या मंद उजेडात बसून त्याचे डोळे अर्धे सरावलेले असतील, त्यामुळे तेच तारे त्याला कालच्यापेक्षा लखलखीत दिसतील.

या वेळी झिरो बंद ठेवा. खिडकीतून गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा उजेड येत असेल तर पडदा ओढा, नाहीतर तारे फिके वाटतील. पहिली काही मिनिटं तारे झपाट्याने मंद होतात, पण त्याच वेळात डोळे अंधाराला आणखी सरावत जातात, म्हणून मुलाला तो फरक फारसा जाणवत नाही. तुम्ही मात्र अर्ध्या तासाने उजेडातून डोकावलात तर तारे विझलेले वाटतील. ‘अर्ध्या तासात विझतात’ हे तुम्ही बाहेरून येऊन पाहिलंत की त्याच्याजवळ अंधारात पडून, ते एकदा तपासून बघा.

तो गाढ झोपला की जमिनीजवळचा पिवळा झिरो लावा आणि सकाळपर्यंत राहू द्या. दोनला जाग आली तर तारे मंद झालेले असतील, पण दार दिसेल, फरशी दिसेल आणि भिंत रिकामी दिसेल. त्या वेळी ट्यूब लावून तारे परत भरायची घाई मात्र करू नका. तारे नसले तरी पिवळा दिवा आहे, हे त्याला दिवसाउजेडी सांगून ठेवा.

खिडकीची निळी माळ या खोलीतून काढून गॅलरीला लावा. रंग हे एक कारण, दुसरं तिची वायर. थेट बोर्डाला लागणाऱ्या स्वस्त माळांची वायर बारीक असते, सांधे उघडे असतात आणि शेजारी कागद असतो. खोलीत माळ हवीच असेल तर मोबाइलच्या चार्जरवर चालणारी, पाच व्होल्टची, पिवळ्या दिव्यांची घ्या. लुकलुकणं बंद करून ती स्थिर ठेवा, पलंगापासून हातभर लांब लावा आणि झोपायच्या वेळी बंद करा. बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालणारे दिवे घरातच आणू नका. धाकटीने तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. आणि लक्ष्मीपूजनाला त्या खिडकीत पणती ठेवणार असाल तर त्या बाजूची साखळी त्या दिवसापुरती उतरवा.

तीन-चार रात्री असं करून बघा. ‘साप’ म्हणून रडणारं मूल जागं असतं, तुम्हाला ओळखतं, कुशीत शिरतं आणि सकाळी सगळं सांगतं. सावल्या गेल्या की त्याचं रडणं थांबायला हवं. पण झोप लागल्यावर तास-दोन तासांतच तो किंचाळून उठत असेल, डोळे उघडे असूनही तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर ते सावल्यांमुळे नाही. त्या वेळी त्याला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघत शेजारी बसा, आणि असं वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. रोज किती वाजता होतं ते लिहून न्या, त्यांना सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं.